पहिला अकारा

एबेलेचा नवरा जेवताजेवता गेला. दोन पोरांसाठी तिने नायजेरियातल्या एनुगू शहरात एका कोपऱ्यावर अकारे, म्हणजे चवळीचे वडे, तळायला घेतले. पण तिच्या हातचं खाणार कोण?

जाऊ उझोमा रोज सगळ्यांसमोर पहिला अकारा तोंडात टाकायची.
"खा की रे भित्र्यांनो! मी मेले का?"

भिजलेल्या चवळीची सालं चोळून काढायची. वाटलेलं पीठ हलकं होईपर्यंत फेटायचं. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पीठ बसतं.
एबेलेने जावेलाही सगळं शिकवलं.

हळूहळू गिऱ्हाईक विश्वासाने येऊ लागलं, रांग लागली.

आज समोरच्या कोपऱ्यावर नवी कढई. मागे उझोमा, गिऱ्हाइकांना हाका मारत:



"इकडे या रे! माझा दीर तिच्याच हातचं जेवून मेला."