करडू बघत होतं

करडू बघून शिवांजली मागं वळली, तर आई नव्हती.

ओट्यावर आईची पिशवी नव्हती. उंबऱ्याशी चपला नव्हत्या. फाटक नुसतं लोटलेलं होतं. अडीच वर्षांच्या पोरीनं आधी फाटकाकडं बघितलं, मग आजीकडं. करडाच्या कानावरचा हात तिनं काढून घेतला.

"दुकानाला गेलीया आई," साळूबाई म्हणाली. "आलीच बघ."

आई साताऱ्याची यष्टी धरायला गेली होती. पूजाला कंपनीत रात्रपाळी लागली होती आणि ती संपेतोवर पोर आजोळी राहायची होती. "समोरनं गेले तर आकांत करंल," पूजा सकाळीच म्हणाली होती. "आये, तू तिला करडू दाव. मी सटकते." साळूबाईनं मान डोलावली होती. तिनं आपली सगळी पोरं अशीच वाढवली. कावळा दावायचा, चिमणी दावायची, तेवढ्यात निघायचं. रडणं वाचतं. पोरांच्या काय ध्यानात राहतंय!

पण शिवांजली रडली नाही. दूधभात खाल्ला तोही फाटकाकडं तोंड करून. "शिवू, ती बघ मनी आली," आजोबा म्हणाले, तर पोरीनं मांजराकडं बघितलंच नाही. झटकन वळून आजी जाग्यावर आहे का ते बघितलं.

बाळासोंनी ताट बाजूला सारलं. "रडली असती तर बरं झालं असतं गं," ते बायकोला हळूच म्हणाले.

दिवेलागण होऊन गेली. साळूबाईनं पोरीला शू करवून आणली, पाय धुतले, पुसले. सोप्यात अंथरूण घातलं. वर पोरीची हत्तीवाली दुलई. पूजानं ती मुद्दाम न धुता दिली होती, घरचा वास राहावा म्हणून. दिवा मालवला, पण स्वयंपाकघरातला ठेवून दार अर्धं ओढून घेतलं. परक्या अंधारात लेकरू दचकतं. पोर दुलईत नाक खुपसून पडली. डोळे टक्क उघडे.

साळूबाई तिच्या पाठीवर थापटू लागली.

"एक हुती शेळी. तिचं एक करडू. करडू कसं वरडायचं?"

गोष्टीतली ही जागा पोरांची असते. तिथं थांबायचं असतं. साळूबाई थांबली. शिवांजली गप्प.

"ब्याऽऽ!" बाजेवरनं बाळासो ओरडले.

"आवं, करडू हाय त्ये, रेडा न्हवं!"

पोरीच्या ओठाचा कोपरा हलला. "म्यँ," ती म्हणाली.

साळूबाईला धीर आला. आता नेहमीसारखं एकेकाला निजवत न्यायचं, आवाज खाली आणत न्यायचा, हात सावकाश करत न्यायचा, की झालं. "दिस कलला तवा शेळी म्हणली, बाळा, मी रानात जाते. तू आजीपाशी—"

"न्हाई."

"काय न्हाई, बाळ?"

"शेळी बोल्ली न्हाई."

थापटणारा हात थांबला. "मग?"

"करडू बघत हुतं."

"काय बघत हुतं?"

"कोंबडी. आजीनं दावली." पोरीनं दुलईची कड तोंडात धरली, सोडली. "शेळी गेली."

बाज करकरली. बाळासोंनी भिंतीकडं कूस वळवली होती.

साळूबाईनं आजवर ही गोष्ट किती लेकरांना सांगितली असेल. गोष्टीत म्हातारी शेळी कधी आली नव्हती. आता तिला आणावीच लागली.

"मग म्हातारी शेळी म्हणली, बाळा, तुझी आई रानात गेलीया. लांबच्या रानात."

"दुकानाला?"

"न्हाई. दुकानाला न्हाई गेली."

पोर ऐकत होती.

"आज न्हाई येणार. उद्या बी न्हाई. लय येळा निजायचं, लय येळा उठायचं, मंग येणार."

आता मात्र शिवांजली रडली. मोठ्यानं नाही. हुंदका आतल्या आत फुटत राहिला. साळूबाईनं "गप" म्हटलं नाही. तिनं गोष्ट पुढं नेली, कारण पोरीला निजायचं होतं आणि गोष्ट अर्ध्यात सोडून चालत नाही.

"कोंबड्या खुराड्यात गेल्या. निजल्या. म्हस बसली. निजली. मनी चुलीपाशी गेली. निजली. करडू... करडू रडलं. आन् म्हातारी शेळी त्याच्यापाशी बसून ऱ्हायली."

हुंदके लांब लांब होत गेले. अंग सैल पडू लागलं. पण डोळे मिटले की पुन्हा उघडत होते, आणि दर वेळी आजीच्याच तोंडावर येऊन थांबत होते.

एवढ्यात खिडकीतनं काजवा आत आला. चांगला मोठा, हिरवागार. अंथरुणावरनं गेला आणि समोरच्या भिंतीवर बसून लुकलुकू लागला. साताऱ्याच्या पोरीनं कुठला बघितलाय काजवा! साळूबाईच्या तोंडून निघूनच गेलं.

"शिवू, ते बघ! काजवा!"

शिवांजलीनं मान वळवली नाही. उलट झोपेनं जड झालेले डोळे तिनं ताणून उघडले, आणि आजीच्या तोंडावर तसेच रोखून धरले.

काजवा भिंतीवर लुकलुकत राहिला. साळूबाईनंही मग तिकडं बघितलं नाही.