सातच्या दोन

डोंबिवलीतल्या प्रशांतच्या चाळीतली पोरं आणि समोरच्या सोसायटीतली पोरं यांच्यात पक्षी मोजण्याची चुरस लागलेली. प्रशांतची चौथीतली मेघना दर रविवारी सकाळी गच्चीवर पंधरा मिनिटं मोजायची आणि तक्ता भरायची. गेल्या वेळी तिने सात घारी लिहिल्या. समोरच्यांच्या पाचच! प्रशांतने नाक्यावर सगळ्यांना सांगूनही टाकलं.

या रविवारी मात्र ती मध्येच थांबली.

"बाबा, हिच्या डाव्या पंखात एक पीस नाहीये बघा. मघाशी पण हीच आलेली. गोल फिरून त्याच त्याच येतायत, आणि मी दर वेळी नवीन धरतेय."

"मग आता?"

"एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसतील, तितक्याच धरायच्या. गेल्या रविवारी पण एकदम दोनच दिसलेल्या." तिने सातावर काट मारली आणि दोन लिहिले.

"अगं, हरशील ना!"

"पण घारी दोनच आहेत ना, बाबा."

संध्याकाळी नाक्यावर कुणीतरी हटकलं, "काय रे प्रशांत, घारी किती झाल्या?"

"दोन," प्रशांत छाती फुगवून म्हणाला. "सातच्या दोन केल्या माझ्या पोरीनं!"