दात सांभाळा

मंदाआत्याच्या कडक चकल्यांचा फोटो मैत्रेयीने स्टेटसला ठेवला: 'फुकट मिळतील. दात ज्याचे त्याने सांभाळावे.' हसण्याचे इमोजी धडाधड आले, तशी तिची तिलाच लाज वाटली. कोणी कोणी पाहिलं ते बघून तिने स्टेटस डिलीट केलं. त्या यादीत आत्याचं नाव नव्हतं!

तरी रात्रभर 'सॉरी आत्या' लिहून ती खोडत राहिली. पहाटे ठरलं, आत्याने पाहिलंच नाही तर उगाच कशाला उकरून काढायचं?

सकाळी हरणीच्या आपल्या घरून आत्या डबा घेऊन हजर. "ले दिकरा," ती सवयीच्या गुजरातीत म्हणाली, "घे, या मऊ आहेत. दात सांभाळ हो."

"पण तुझं नाव तर दिसलं नाही..."



"कसं दिसेल? मी कोणाचं स्टेटस बघते ते कळू नये म्हणून माझी ब्लू टिक तूच नाही का बंद करून दिलीस?"