पाचवी मूठ

चौथी मूठ दळून संपली आणि धुरपदाचं तोंड बंद पडलं.

जात्याभोवती पाच सवाष्णी बसल्या होत्या. खुंट्याला आंब्याची डहाळी आणि पिवळ्या दोऱ्यात हळकुंड-सुपारी बांधलेली. उखळात ठेचलेल्या हळकुंडांचा शेवटचा ढीग सुपात उरला होता. एका मुठीला एक ओवी आणि खुंट्याचे सात फेरे, असा धुरपदाच्या माहेरच्या गाण्याचा हिशोब. मुठी पाच. पाचवी ओवी झाल्याशिवाय जात्याखालची हळद उचलायची नाही.

आणि पाचवी ओवी धुरपदाला आठवत नव्हती.

तिची थोरली बहीण जाईबाई गेल्या दिवाळीत गेली. हे गाणं त्यांच्या आईचं. आईकडून जाईबाईनं उचललं, धुरपदानं नाही. धुरपदाचं काम फक्त जात्यात मुठी वैरायचं. जाईबाईनं जाताना तिचा हात धरला आणि म्हणाली, "माझ्या नकुशीच्या हळदीला आईचं गाणं पुरं कर. पाचव्या मुठीला हात..." तेवढ्यावरच श्वास संपला. त्या तीन शब्दांवर धुरपदानं दौंडच्या घरी सहा महिने डोकं आपटलं. भाकरी थापताना, धुणं धुताना, तोच चाळा. पाचव्या मुठीला हात कुणाचा? हात जोडायचे की हातात चुडा भरायचा? एकही ओळ पुढं सरकली नाही.

पहिल्या चार ओव्या नकुशीला आईच्या तोंडून ऐकून पाठ होत्या. त्या मावशी-भाचीनं मिळून जुळवल्या होत्या.

*पहिली गं मूठ, देते गणराया,*
*मांडवाच्या दारी बस आधी येऊनिया.*

दुसरीला गावचा भैरोबा आला. तिसरीला भीमा नदी, नवरीच्या न्हाणाला घागर घेऊन. चौथीला मामा. प्रत्येक ओवीत कुणाला तरी नाव घेऊन मांडवात बोलवायचं, एवढं धुरपदाला कळलं होतं. पण देव झाले, गाव झालं, नदी झाली, माहेर झालं. आता बोलवायचं राहिलं कोण?

"पाव्हणं वेशीपाशी आलं," बाहेरून नकुशीचे वडील आनंदराव ओरडले. "नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन टेम्पो उभा हाय. तुमचं झालं का न्हाई?"

"तुमी कायबी जोडा ओ, बाई," नकुशीची आत्या गिताबाई कावली. "कोण बघतंय? न्हाईतर बाजारची पुडी हायेच घरात."

पाहुण्यांसमोर शोभा होणार, हे तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे मेलेल्या बहिणीला दिलेला शब्द मातीत जाणार होता. धुरपदानं डोळे मिटून काहीतरी जुळवलं.

"पाचवी गं मूठ, नवरीच्या बापा..."

"मावशी, हे न्हाई." पाटावर बसलेली नकुशी खाली मान घालूनच बोलली. "आई इथवर आली का गप व्हायची. मला वाटायचं, तिला रडू येतंय."

धुरपदाला तिथंच उठून पळून जावंसं वाटलं. जिला रोज गाणं म्हणायची सवय, तीच इथं अडायची, तर आपली काय कथा? हरल्यासारखं तिनं सुपात हात घातला. ओवी नाही तर नाही, निदान मूठ तरी पडू दे. तिनं मूठ भरली, डाव्या हातानं खुंटा धरला आणि जात्याच्या तोंडात हळकुंडं सोडली.

आणि तिच्या डाव्या हाताच्या पाठीला चटका बसला.

कुणी मारलं नव्हतं. मारलं होतं ते सव्वीस वर्षांपूर्वी, जाईबाईच्या हळदीला. दहा वर्षांची धुरपदा अशीच मुठी वैरत होती. त्या साली आजी वारली होती. चौथी ओवी झाली, पाचवी मूठ पडली आणि एकही बाई तोंड उघडेना. धुरपदाला हसू फुटलं. कंटाळून ती हात काढून घेणार, तोच आईनं तिच्या हातावर फाड्‌कन चापटी मारली आणि तो हात खुंट्यावरच दाबून धरला. आईचे डोळे भरले होते. ती कानाशी पुटपुटली होती, "गप, धुरपे. हात सोडू नगं. ही मूठ घरच्या गेलेल्या बायांची. त्यांना नावानं हाका मारायच्या न्हाईत. नुसती त्यांची पावलं ऐकायची."

सहा महिने ती ओळ शोधत होती. ओळ नव्हतीच. धुरपदाला हुंदका आला, तो तिनं पदरात दाबला.

"गिताबाई, खुंट्यावर हात ठेवा," ती म्हणाली. "समद्या जणी ठेवा. आन् कुणी बोलायचं न्हाई."

"अवो, पण गाणं?"

"हेच गाणं. पाचवी मूठ गेलेल्या बायांची असती."

गिताबाईनं हात ठेवला. पाच हात एकावर एक बसले. जातं फिरू लागलं. बाहेर आनंदरावांनी दोनदा विचारलं, मग तेही गप झाले. मांडवात दुसरा आवाज उरला नाही. दगडावर दगड घरघरत राहिला, लांबून कुणी पाय ओढत यावं तसा.

सातव्या फेऱ्याला नकुशीनं डोळे पुसले आणि अंग चोरून पाटावर शेजारी एकीपुरती जागा केली.