संगवारी

शंकर नगरातल्या सोसायटीच्या अध्यक्ष मंदाकिनीताई गणपतीच्या मांडवात माईकपुढे उभ्या राहिल्या. "आपल्या सांस्कृतिक चमूला द्यायले सदतीस नावं आली. मी पण एक टाकलं, म्हणून निवडीत बसले नाही. कमिटीनं चिठ्ठ्यांवर नुसते नंबर टाकले, त्यातली तीन निवडली अन् दर फ्लॅटचं एक मत घेतलं. माझं 'स्वरगंगा' एका मतानं हरलं. जिंकलं 'संगवारी'. छत्तीसगढीत संगवारी म्हणजे सोबती. सुचवणाऱ्याचं नाव या बंद लिफाफ्यात आहे."

त्यांनी लिफाफा उघडला. "सोनिया. आमची सूनबाई!" टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी डोळे पुसले. "आम्ही दोघी सोडून बाकी पस्तीस जणांचेही मनापासून आभार. तुम्ही डोकं खाजवलं म्हणून तर निवडायले मजा आली."

नारळ घ्यायला आलेली सोनिया हळूच म्हणाली, "मम्मीजी, सॉरी. एक ही वोट से हार गईं आप. पर हमारे फ्लॅट का वोट तो आपने ही डाला था ना?"

"हव," मंदाकिनीताई म्हणाल्या. "मले तुझंच जास्त आवडलं. तुझं आहे, हे तर आत्ता समजलं."