पाटीवर नसलेलं वाक्य

मूकपट बघताना दारिओ आजवर दोनदा झोपला होता. तरी त्या रविवारी दुपारी तो मॉन्टेव्हिडिओच्या फिल्म क्लबात आला, सोबत बहिऱ्या आईला घेऊन. आवाजच नाही म्हटल्यावर तिला तरी करमेल.

"आधी एक छोटा विनोदी दाखवते, डोळे सरावतील," प्रोजेक्टरपाशी बसलेली नेलिदा म्हणाली. "मग मोठा. फोन बंद कर. आणि गोष्टीमागे धावू नकोस बाबा, चेहरे बघ, हात बघ."

विनोदी पटाला तो चक्क हसला. मग शंभर वर्षांपूर्वी त्याच शहरात काढलेला प्रेमपट लागला. नेलिदाने प्रोजेक्टरचा वेग सेकंदाला फिल्मच्या अठरा चौकटींवर ठेवला होता, त्यामुळे माणसं तुरुतुरु न पळता माणसांसारखी चालत होती. पण मधेमधे संवाद लिहिलेली पाटी यायची, ती दोनदा वाचून झाली तरी पडद्यावरून हलायची नाही. अर्ध्या तासात दारिओ कंटाळून उठला. आईने मनगट धरून त्याला खाली बसवलं.

पडद्यावर नायकाने नायिकेला मिठीत घेतलं होतं. पडदाभर तिचा चेहरा, ओठ हलले. पाटी आली : 'प्राणनाथा, मी जन्मभर तुमचीच!' पडद्याशेजारी बसून साथ करणाऱ्या पियानोवाल्याने सूर हळवे केले.

"ती असं म्हणालीच नाही," आई पुटपुटली. तिला ओठ वाचता यायचे.

"मग काय म्हणाली?" दारिओने पडद्याच्या उजेडात तिच्याकडे तोंड वळवून विचारलं.

"'दंड सोडा ना, काल आवळलेलाच अजून दुखतोय.'"

पुढचा तासभर दारिओ जागचा हलला नाही. नायिका पुन्हा काही बोलेल म्हणून बघत राहिला. उरलेला सगळा चित्रपट ती नुसती हसत होती.