बेटम्याचा बिबट्या

“विश्वास कोणी ठेवणार नाही, पण सांगतो,” ऋजुताच्या नंदूमामांनी बशीत चहा ओतला. “बेटम्याच्या त्या लग्नाच्या गार्डनमध्ये बिबट्या आला होता. मांडवाच्या जागी बसला नि माझ्याकडे पाहून जांभई दिली!”

अन्नपूर्णा भागातल्या त्या घराच्या हॉलमध्ये हशा उसळला. लग्नाला चार दिवस झाले होते. न आलेले नातेवाईक आता थोडे-थोडे करून घरी येत होते, नव्या जोडप्याला पाहायला.

ऋजुता मात्र हसली नाही. त्या बिबट्याचे तिच्यावर उपकार होते.

तिला आणि प्रणवला दोनशेच माणसं हवी होती. तेवढंच छोटं गार्डन त्यांनी घेतलं होतं. मग तिच्या आईने पाहुण्यांच्या यादीत भिशीतल्या बायका लिहिल्या. प्रणवच्या आईला ते कळलं. “त्यांच्या वाढल्या, तर आमच्या का नाही?” म्हणत त्यांनी महूची अख्खी गल्ली लिहिली. मग ऋजुताच्या आईने चुलत दिरांची सासुरवाडी घातली. यादी चारशे दहावर गेली. पत्रिका वाटून झाल्या. आता नाव कापायचं म्हणजे त्या घराशी कायमचा अबोला, आणि कापायला दोघींपैकी कोणीच आधी तयार नव्हती. केटरर आठ दिवस आधी पक्का आकडा मागत होता. ऋजुताची झोप उडाली. शेवटी ती प्रणवला म्हणाली, “यार, लग्नच नको करूया.”

आणि त्याच आठवड्यात फोन येऊ लागले. भर दुपारी, दोन्ही घरी. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाच्या नातवाची परीक्षा होती. “आमचं जमत नाहीये, नंतर घरी येऊ.” कोणी कोणाला कापलं नाही, कोणाचा मान गेला नाही, आणि केटररला आकडा गेला तो एकशे शहाण्णव. दोन्ही आयांनी एकाच सोफ्यावर बसून मेंदी काढून घेतली.

“बिबट्याची बातमी फुटली ना भिया!” मामा रंगात आले. “गुडघे-बिडघे सब बहाने. सगळे घाबरले! मी त्याला म्हटलं, बाबा रे, लग्नाच्या दिवशी जा, तोवर बस...”

“कुछ भी, नंदूजी!” प्रणवच्या मावसआजी शशिकला यांनी कप खाली ठेवला. “ऋजुता, बिबट्या-बिबट्या काही नव्हता गं. हे नंदूजीच आले होते माझ्या दारात, भर उन्हात, स्कूटरवर. आमच्या गल्लीत यांनी गाठलेलं सोळावं घर होतं माझं. हात जोडून म्हणाले, ‘पत्रिका आलीये तुम्हाला, तरी लग्नाला येऊ नका. आमची पोरगी झोपत नाहीये.’”